कॉम्प्युटरमध्ये 312, रॅकवर 251: महिनाअखेरीला ‘गायब’ झालेला माल शोधायचा कसा

पेपरात अधूनमधून एक बातमी येतेच, की अमुक दुकानातल्या नोकराने वर्ष-दीड वर्ष थोडा थोडा करून माल लांबवला आणि मालकाला ते लाखांत गेल्यावर कळलं. वाचणारा म्हणतो, अहो रोज सकाळी शटर उघडून गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला कळत कसं नाही? आणि याच्या उलटी गोष्ट पेपरात कधीच येत नाही, ती म्हणजे महिनाअखेरीला माल मोजला, कमी भरला, शेठनी आवाज चढवला, गोडाऊनवरचं पोरगं रडत घरी गेलं आणि आठवड्याने तोच बॉक्स ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पडलेला सापडला.

दोन्हीकडे गडबड एकच आहे. माल मोजला जातो, पण मोजलेला आकडा आणि वहीतला आकडा यांच्यातला फरक कशाकशाचा बनलाय हे कुणी सोडवत बसत नाही. फरक दिसला की एकतर चोरी म्हणून मोकळे होतात नाहीतर ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात. मी नाशिकमधल्या छोट्या-मध्यम दुकानांचं हिशेबाचं काम करतो, त्यात महिनाअखेर म्हणजे हेच चाललेलं असतं, त्यामुळे एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं, होलसेल, रविवार कारंजाजवळ काउंटर आणि द्वारकेकडे गोडाऊन असं समजा. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बसवलेत, पण यातला एकेक प्रकार अशा दुकानात कधी ना कधी होतोच.

आधी दोन आकडे कोणते ते बघू

पहिला आकडा पुस्तकी स्टॉक. महिन्याच्या सुरुवातीला जेवढा माल होता त्यात खरेदी मिळवायची, गिऱ्हाईकाने परत केलेलं मिळवायचं, विक्री वजा करायची, कंपनीला परत पाठवलेलं वजा करायचं, जे उरतं ते. टॅली असो, दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असो नाहीतर लाल वही, सगळे हेच करतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, की कॉम्प्युटरने माल कधी बघितलेलाच नसतो, त्याने फक्त कागद बघितलाय. बिल टाकलं तर त्याच्या मते माल आला, बिल फाडलं तर गेला.

दुसरा आकडा प्रत्यक्ष स्टॉक, म्हणजे डोळ्यांनी बघून हाताने मोजलेला. याला कागद माहीत नसतो. रॅकवर असेल ते मोजलं, मग ते कुणाचं का असेना.

या दोघांमधला फरक कारणासहित उलगडायचा याला ताळमेळ म्हणायचं. बँकेच्या पासबुकाचा लावतात तसाच हा मालाचा लावायचा, आणि तो लावल्यावर शेवटी ज्याला कारणच सापडत नाही तेवढाच माल खरा गायब.

बस चालू असताना डोकी मोजता येत नाहीत

सिटीलिंकच्या बसमध्ये तिकीट चेकर चढला असं समजा. कंडक्टरच्या मशीनवर 42 माणसं आत दिसतायत आणि चेकर डोकी मोजतोय, पण बस निमाणीच्या स्टॉपवर उभी आहे आणि दोन्ही दारं उघडी आहेत, पुढून चार उतरतायत, मागून सहा चढतायत, चढलेल्यांची तिकिटं अजून फाडायचीत. चेकर कितीही हुशार असला तरी त्याचा आकडा मशीनशी जुळणार नाही आणि त्यात कंडक्टरची काही चूक नाही. दार लावा, ज्यांची तिकिटं राहिलीत त्यांची फाडा, मग मोजा, आणि मग जुळलं नाही तर बोला.

दुकानात या दार लावण्याला कटऑफ म्हणतात. 31 तारखेला रात्री आठ वाजता कटऑफ ठरला की शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, बिल न करता माल पाठवताना जे चलन फाडतात त्यातल्या शेवटच्याचा नंबर आणि आत आलेल्या शेवटच्या मालाची नोंद एका कागदावर लिहून घ्यायची. समजा शेवटचं बिल 1846. मग 1846 पर्यंतचा माल गेलेला धरायचा आणि 1847 पासूनचा रॅकवर असला पाहिजे. ज्या मालाचं बिल फाटलंय पण गिऱ्हाईक सकाळी टेम्पो घेऊन येणार आहे तो माल बाजूला काढून त्यावर मोठ्या अक्षरात ‘विकलेला’ लिहून ठेवायचं, नाहीतर तो मोजला जातोच. हे तीन नंबर लिहायला पाच मिनिटं लागतात आणि तेच कुणी लिहीत नाही, मग पुढचे चार दिवस भांडण.

आता 31 ला रात्री मोजायला जमलंच नाही आणि 1 तारखेला सकाळी अकराला मोजलं तर? चालतं, फक्त मागे जायचं. आज मोजलेल्यात 31 च्या कटऑफनंतर बाहेर गेलेला माल मिळवायचा आणि कटऑफनंतर आत आलेला वजा करायचा, म्हणजे 31 च्या रात्री किती होता ते निघतं. यात मिळवायचं कुठे आणि वजा कुठे यात लोक हमखास गोंधळतात आणि उलटं केलं की फरक कमी व्हायच्या ऐवजी तेवढाच वाढतो. सोपी खूण अशी, की सकाळी गेलेला माल काल रात्री इथेच होता, म्हणून तो परत मिळवायचा.

मोजणाऱ्याला आकडा दाखवू नका

मोजणीच्या कागदावर मालाचं नाव आणि जागा छापा, कॉम्प्युटरमधला आकडा छापू नका. एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी लावतात तो आपोआप पडणारा स्विच, त्याचा ‘एमसीबी 16 अँपिअर, 312’ असा कागद हातात दिला तर पोरगं दोनशेऐंशीपर्यंत मोजतं, मागे अजून दोन-तीन बॉक्स दिसतायत असं बघतं आणि 312 लिहून मोकळं होतं. यात लबाडी असतेच असं नाही, रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि भूक लागलीय. रिकामा रकाना असला की मोजावंच लागतं.

दोघांच्या जोडीने मोजायचं, एकजण मोजून मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो, आणि ज्याच्या ताब्यात वर्षभर गोडाऊन आहे त्याने मोजायचं ठीक, पण लिहिणारा दुसरा पाहिजे. यादीच्या क्रमाने न जाता रॅकच्या क्रमाने जायचं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि मोजून झालेल्या कप्प्यावर खडूने टिक. यादी घेऊन माल शोधत फिरलं की यादीत नसलेला माल राहूनच जातो, तो कुणी विचारतच नाही, आणि पुढे बघाल की कितीतरी वेळा उत्तर त्याच मालात असतं.

आता बॉक्सची गंमत. सिंगल पोल एमसीबी साधारण बारा नगांच्या खोक्यात येतात. रॅकवर खोक्यांची भिंत उभी असते आणि मोजणारा समोरून बघतो, आडवे सहा, उभे चार, मागे खोल दोन, झाले अठ्ठेचाळीस खोकी. पण मागच्या रांगेतली दोन खोकी फोडलेली असतात, त्यातले पाच-सहा नग काउंटरवर गेलेले असतात आणि झाकण परत लावून खोकं जागेवर ठेवलेलं असतं कारण रॅक भरलेला छान दिसतो. म्हणून प्रत्येक खोकं हाताने उचलायचं. सील असेल आणि वजन नेहमीचं लागलं तर बारा धरा, टेप फाटलेली दिसली की उघडून मोजा. जाणूनबुजून लपवायचं असेल तरी हीच जागा असते, पुढे भरलेली खोकी आणि मागे रिकामी.

वायरचं थोडं वेगळं आहे. घरगुती वायरचं बंडल 90 मीटरचं असतं पण सुटी वायर कापून विकली की अर्धवट बंडलं उरतात आणि ती कुणी मीटर लावून मोजत नाही, अंदाजे ‘चाळीस असेल’ असं लिहितात. इथे वजनकाटा काढा. त्याच कंपनीचं, त्याच जाडीचं पूर्ण बंडल पॅकिंग काढून तोला, मग अर्धवट बंडल तोला, वजन निम्मं भरलं तर 45 मीटर. दोन-चार टक्के इकडेतिकडे होईल, पण अंदाजापेक्षा शंभर पटीने बरं. स्क्रू, लग्ज, क्लिपा यांचंही असंच, शंभर नग मोजून तोलायचे आणि त्या हिशेबाने पोतं.

61 नग गेले कुठे

आता मुख्य उदाहरण. 16 अँपिअरचा सिंगल पोल एमसीबी, 31 च्या रात्री कॉम्प्युटरमध्ये 312 नग. मोजणी 1 तारखेला सकाळी अकराला झाली, भरले 251. फरक 61, म्हणजे पाच खोकी आणि वर एक नग. शेठ गोडाऊनवरच्या पोराकडे बघतायत. पोरगं म्हणतंय, ‘शेठ, चावी माझ्याकडे असते पण बिलं माझ्याकडे नसतात.’ आणि त्याचं म्हणणं खरं आहे.

पहिलं काम, दोन्ही आकडे एकाच वेळेवर आणणं. 1 तारखेला सकाळी काउंटरवरून 18 नगांची बिलं झाली होती, नवीन माल आत काही आला नाही. म्हणजे 31 च्या रात्री रॅकवर 251 अधिक 18, एकूण 269 होते. फरक 61 वरून 43 वर आला आणि अजून आपण जागेवरून उठलोही नाही.

दुसरं, खरेदीची शेवटची बिलं बघा. 30 तारखेला कंपनीचं 24 नगांचं बिल ईमेलवर आलं, अकाउंटवाल्या ताईंनी जीएसटीच्या घाईत ते लगेच टाकलं. माल मात्र अजून बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर आहे, आडगावला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला. त्यांना फोन करा, बिल्टी नंबर सांगा, नग आलेत का विचारा आणि जमलं तर माणूस पाठवून बघून घ्या, कारण ‘येईलच’ म्हणून 24 नग वाटेत धरले आणि ते कधी आलेच नाहीत असं पण होतं. आलेत म्हणाले. म्हणजे हे 24 रॅकवर नसणारच होते. पुस्तकी आकड्यातून तात्पुरते बाजूला काढा, 312 चे 288 झाले.

तिसरं, चलनाचं बुक. पाथर्डी फाट्याच्या एका साईटवर कॉन्ट्रॅक्टरने फोन केला, एक खोकं पाठवा, बिल नंतर बनवू, किती लागतात बघतो. माल चलनावर गेला, बिल झालंच नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते बारा नग अजून आपल्याच रॅकवर आहेत. पुस्तकी आकडा 276, फरक 7. माझ्या मते नाशिकमधल्या होलसेल दुकानात सर्वात जास्त फरक याच एका कारणाने पडतो आणि त्यातला थोडा माल खरंच बुडतो, कारण चार महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ‘मी तर परत दिला होता’ आणि तुमच्याकडे सही केलेली चलनाची प्रत नसते. म्हणून चलनं महिनाअखेरीला एकेक करून विचारायची, याचं बिल करू की माल परत आणू.

चौथं कारण उलट्या दिशेचं आहे आणि म्हणून लोक ते सोडून देतात. एका वायरमनने दोन नग परत आणले, काउंटरवरच्या पोराने ते रॅकवर ठेवले आणि पैसे पुढच्या बिलात वळते केले, परतीची नोंद केलीच नाही. म्हणजे हे दोन नग रॅकवर आहेत पण कॉम्प्युटरला माहीत नाहीत. पुस्तकी आकडा दोनने वाढवायचा, 278. फरक इथे 7 वरून 9 झाला. ताळमेळात फरक मध्येच वाढला की लोकांना वाटतं आपण चुकलो, पण तसं नाही, दोन नगांची तूट या परतीने झाकलेली होती ती आता उघडी पडली.

पाचवं, शेजारचा कप्पा बघा. 32 अँपिअरचा एमसीबी सहा नग जादा निघालाय. या दोन्ही एमसीबीचा आकार एकच, रंग एकच, समोर बारीक अक्षरात C16 की C32 एवढाच फरक. आणि खरी मेख अशी की 6 ते 32 अँपिअरपर्यंत बऱ्याच कंपन्यांचा दर सारखाच असतो, त्यामुळे बिलात चुकीचा आयटम निवडला गेला तरी रक्कम बरोबर येते, गिऱ्हाईक काही बोलत नाही, गल्ला जुळतो. एकात तूट आणि जुळ्या भावात तेवढाच जादा असं दिसलं की आधी हाच संशय घ्यायचा. मग महिन्याची 32 अँपिअरची बिलं काढली, त्यात एका नेहमीच्या वायरमनचं सहा नगांचं बिल होतं, त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘मी 16 चेच नेले की, मला 32 कशाला लागतात.’ पुस्तकी आकडा सहाने कमी, 272.

272 विरुद्ध 269. उरले तीन.

एकसष्ट नगांपैकी तीन. बाकीचे अठ्ठावन्न कुणी नेलेच नव्हते, ते कागदात हरवले होते. सकाळी शेठनी पोराला काढून टाकलं असतं तर पुढच्या महिन्यातही असाच फरक आला असता, कारण बिल आधी टाकणाऱ्या ताई, चलन विसरणारे शेठ स्वतः आणि आयटम चुकवणारा काउंटर, सगळे जागेवरच राहिले असते.

मग त्या तीन नगांचं काय

परत मोजा, पण ज्या जोडीने आधी मोजलं तिने नाही, दुसऱ्या जोडीने. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, गिऱ्हाईकाला दाखवायच्या सॅम्पल बोर्डावर, दुकानातल्याच मेन बोर्डावर बघा. हसू नका, दुकानातला जळालेला एमसीबी बदलायला रॅकवरूनच नवीन काढतात आणि त्याची नोंद कुणी करत नाही. वॉरंटीत बदलून दिलेले खराब नग पण बघा, गिऱ्हाईकाला चांगला दिला, खराब एका पिशवीत पडलाय, तो कंपनीकडे जाईपर्यंत ना स्टॉकमध्ये धरता येतो ना गेलेला.

तरीही तीन सापडले नाहीत तर तीन गायब, असं स्पष्ट लिहायचं. तीन नगांवरून चोरी आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. ते कळतं सलग महिन्यांवरून. फरक कधी दोन कमी, कधी एक जादा, कधी शून्य असा डोलत असेल तर तो बहुतेक हलगर्जीपणा आहे, चुका दोन्ही बाजूला होतात. पण फरक दर महिन्याला कमीच्याच बाजूला असेल, लहान, महाग आणि पटकन विकला जाणाऱ्या मालातच असेल, आणि ठराविक माणूस रजेवर असलेल्या महिन्यात शून्यावर येत असेल, तर मग बोलायची वेळ झाली. म्हणून फरकाची वही आयटमनुसार ठेवायची, महिन्याच्या एकूण रकमेची नाही.

‘एकूण रकमेत तर जुळतंय की’

हा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकलाय. तूट चाळीस हजारांची, जादा अडतीस हजारांचा, म्हणजे फरक दोनच हजार, सोडा. असं करायचं नाही. जादा निघालेला माल ही सुद्धा चूकच असते, कुठेतरी खरेदी टाकायची राहिली, परती राहिली, किंवा बिल झालं पण माल दिलाच नाही आणि गिऱ्हाईक उद्या दारात उभं राहणार आहे. त्या जादाने दुसऱ्या मालाची तूट झाकली तर दोन्ही चुका तशाच राहतात. जुळ्या आयटमांची अदलाबदल सिद्ध झाली, बिल सापडलं, तरच एकमेकांत वळतं करायचं, नुसती रक्कम जवळ आली म्हणून नाही.

‘कॉम्प्युटरमधला आकडाच बदलून टाकला तर?’

टॅलीमध्ये `Physical Stock` नावाचं व्हाउचर असतं, त्यात मोजलेला आकडा टाकला की त्या तारखेपासून तोच स्टॉक धरला जातो. आपल्या उदाहरणात कुणी सकाळीच 251 टाकून मोकळं झालं असतं तर काय झालं असतं ते बघा. दोन दिवसांनी आडगावहून 24 नग आले असते, त्यांचं बिल आधीच टाकलेलं, म्हणजे पुढच्या महिन्यात 24 जादा. कॉन्ट्रॅक्टरचं बारा नगांचं बिल झालं की ते परत एकदा वजा. पुढच्या महिनाअखेरीला जो फरक येईल तो देवालाही सुटणार नाही.

आणि ज्याला माल लांबवायचाय त्याला ही सोय फारच आवडते, कारण दर महिन्याला आकडा आपोआप ‘बरोबर’ होतो आणि वर्षभराची तूट एकत्र कधी दिसतच नाही. बातमीतल्या त्या मालकाला का कळलं नाही याचं उत्तर बरेचदा इथे असतं. त्यामुळे आधी खरे कागद दुरुस्त करायचे, चलनाचं बिल, परतीची नोंद, चुकलेल्या आयटमची दुरुस्ती, वाटेतला माल ‘वाटेत’ नावाच्या वेगळ्या गोडाऊनखाली, आणि उरलेल्या तीन नगांचीच तूट म्हणून वेगळी नोंद, कारणासह. ही शेवटची नोंद करायचा अधिकार माल सांभाळणाऱ्याकडे ठेवायचा नाही.

इथे जीएसटीचाही मुद्दा येतो. सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h) प्रमाणे हरवलेल्या, चोरी झालेल्या, नष्ट झालेल्या किंवा खात्यातून बाद केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट, परत करावं लागतं. तीन नग, खरेदी दर समजा 140, म्हणजे 420 रुपयांचा माल आणि त्यावर 18 टक्क्याने 75 रुपये 60 पैसे. रक्कम किरकोळ आहे. पण ताळमेळ न लावता 61 नग बाद केले असते तर 8,540 च्या मालावरचं 1,537 रुपयांचं क्रेडिट उगाच सोडलं असतं, आणि हे एका आयटमचं झालं.

‘पगारातून कापलं की सुधारतील’

नाही सुधारत, मोजणी सुधारते. म्हणजे कागदावर. तूट सगळ्यांच्या पगारातून वाटून कापायला सुरुवात केली की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून फरक शून्यावर येतो, शेठ खूश, आणि आत काय होतं तर कमी पडलेला आयटम दुसऱ्या नावाने मोजला जातो, रिकामं खोकं भरलेलं धरलं जातं. कायद्यातही नुकसानीची कपात सरसकट करता येत नाही, माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. पाच जणांच्या हाताखालून गेलेल्या मालाला हे कुठे लागू होणार?

‘बारकोड लावला की मोजायची गरज काय’

बारकोडने चुकीचा आयटम निवडणं बरंच कमी होतं, आपल्या उदाहरणातले ते सहा नग वाचले असते. पण स्कॅन न करता गेलेला माल त्याला कळत नाही. उलट एक नवीन चूक वाढते, खोक्यावरचा कोड स्कॅन होतो आणि सिस्टीममध्ये तो एक नग म्हणून बसलेला असतो, बारा गेले आणि एकच वजा झाला. म्हणून फरक 11 किंवा 11 च्या पटीत आला, 22, 33, की आधी खोकं-नगाचा घोळ बघायचा.

‘दोन हजार आयटम दर महिन्याला कोण मोजणार’

कुणी नको. महाग आणि जास्त फिरणारा माल दर महिन्याला, बाकीचा तीन महिन्यांतून एकदा, आणि क्लिपा-खिळे वर्षाला. रोज दुकान बंद करताना एकच रॅक मोजला तरी महिनाभरात बराचसा होऊन जातो, फक्त ज्या रॅकची पाळी आहे ते त्या दिवशी सकाळी सांगायचं नाही. आणि ज्या आयटमचा स्टॉक कॉम्प्युटरमध्ये उणे दिसतोय तो पाळी नसली तरी मोजायचा, कारण रॅकवर उणे पाच नग असूच शकत नाहीत, तिथे चूक झालीय हे मोजायच्या आधीच ठरलेलं आहे.

‘विमा आहे ना दुकानाचा’

घरफोडीच्या विम्यात सहसा शटर तोडून, कुलूप फोडून आत शिरल्याची खूण लागते. मोजणीत निघालेली आणि कारण न सापडलेली तूट त्यात बसत नाही. नोकराने केलेल्या अपहारासाठी फिडेलिटी गॅरंटी म्हणून वेगळा विमा मिळतो, पण तिथेही कंपनी विचारते की कोणत्या माणसाने, कधीपासून कधीपर्यंत आणि किती, आणि ते दाखवायला दर महिन्याचे सही केलेले मोजणीचे कागद, शेवटच्या बिल-चलनाचे नंबर आणि आयटमनुसार फरकाची वही लागते. पोलिसांकडे गेलात तरी पहिल्याच दिवशी हेच कागद मागतात.